नंबर कोणाचा टाकायचा

मला एका जागी बसता येत नाही. बोलताना उठून उभी राहते, उभी असले की चालते, बसमध्ये बसले तरी माझा उजवा पाय आपला हलतच असतो. त्या दिवशी रिसोडहून रिठदला जाताना शेजारच्या बाईने शेवटी विचारलंच, "ताई, पाय दुखून राह्यला का?" मी नाही म्हटलं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. मला वीस मिनिटं बोलायचं होतं आणि जे बोलायचं होतं त्यातलं अर्धं मला स्वतःला जमलेलं नव्हतं.

झालं असं होतं की बचत गटांचं काम पाहणाऱ्या ताईंनी आदल्या आठवड्यात फोन केला. रिठदच्या गटाची मासिक बैठक आहे, ऑनलाइन विक्रीवर बोलायला जिल्ह्याहून माणूस येणार होता, तो येत नाही. तुम्ही जवसाची चटणी ऑनलाइन विकता, तुम्हीच थोडं बोला. बायकांना धीर येईल असं बोला, असंही त्या म्हणाल्या. मी हो म्हणून टाकलं. फोन ठेवला आणि घरात तीनदा इकडून तिकडे चकरा मारल्या.

चटणी मी विकते, हे खरं. सहा वर्षं झाली. जवसाची, तिळाची, कारळाची. लोक विचारतात तेव्हा मी म्हणते, सोपं आहे, फोटो काढायचा, टाकायचा, ऑर्डर येते. पण पाकिटावर छापलेला नंबर माझ्या नवऱ्याचा आहे, हे मी कोणाला सांगत नाही. सुरुवात केली तेव्हा घरात एकच चांगला फोन होता आणि तो त्यांच्या खिशात असायचा. सासऱ्यांनीही सांगितलं होतं, बाईचा नंबर जगाच्या हाती कशाला. मग तोच नंबर छापला. नागपूरहून एका बाईने मुलीच्या लग्नात द्यायला चटणीची चाळीस पाकिटं मागवली होती. निरोप यांच्या फोनवर आला. हे तुरीच्या मळणीत होते, पाहिला आणि विसरले. मला कळलं तेव्हा लग्न होऊन गेलं होतं. मी त्या बाईला फोन करून माफी मागितली. ती एवढंच म्हणाली की, "तुम्हीच फोन घेतला असता तर बरं झालं असतं." हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, पण नंबर मी बदलला नाही. पुढच्या छपाईत बदलू, असं म्हणत राहिले.

बैठक समाजमंदिरात होती. दुपारी दोनची वेळ ठरलेली, बायका तीनपर्यंत येत राहिल्या. तुरीचे दिवस होते, शेतातून हातपाय धुऊन यायचं म्हणजे उशीर होणारच. गट बारा जणींचा. अध्यक्षबाई पन्नाशीच्या, घरची बऱ्यापैकी शेती, बोलणं मोजकं आणि ठाम. सगळ्या त्यांना काकू म्हणत होत्या, मीही म्हणायला लागले. गट ज्वारीच्या खारोड्या करायचा. भरडा शिजवून, तीळ, लसूण, मिरची घालून, उन्हात वाळवून. त्यांनी बशीत घालून माझ्यासमोर ठेवल्या. एक तोंडात टाकली आणि पुढच्या पाच मिनिटांत बशी निम्मी झाली.

मी उभी राहिले. पहिल्यांदा जे बोलले ते सगळं बरोबर होतं, आणि ते बोलताना मला बरं वाटत होतं, कारण ते सोपं होतं. सांगितलं की मोठ्या कंपन्यांच्या बाजारात पहिल्याच दिवशी उतरायची घाई करू नका. तिथे कमिशन कापतात, परत आलेल्या मालाचा भुर्दंड आपल्यावर येऊ शकतो, आणि नोंदणीसाठी जीएसटीचे कागद विचारतात. आधी व्हॉट्सअ‍ॅपचं धंद्यासाठीचं जे वेगळं अ‍ॅप आहे ते घ्या, फुकट आहे. त्यात आपल्या मालाची यादी करता येते; प्रत्येक वस्तूचा फोटो, वजन, किंमत. गिऱ्हाईक ती यादी उघडून पाहतो आणि तिथूनच निरोप टाकतो.

फोटो कसा काढायचा ते करूनच दाखवलं. खोलीत ट्यूबलाइटखाली खारोड्या काळपट दिसत होत्या. दारात, सावलीतल्या उजेडात, पांढऱ्या रुमालावर ठेवल्या तर तीळ न तीळ दिसायला लागला. बायका उठून उंबऱ्याशी आल्या. फोन एकीच्या हातून दुसरीच्या हातात फिरला.

मग पाकिटाचं सांगितलं. अन्नाची नोंदणी गटाने मागच्याच वर्षी करून घेतली होती, वाशिमच्या प्रदर्शनात स्टॉल लावायचा होता म्हणून. तो चौदा आकडी नंबर पाकिटावर हवाच. त्याबरोबर वस्तूचं नाव, त्यात काय काय घातलं आहे, वजन, किंमत, कधी बनवली, कधीपर्यंत चांगली राहते, पत्ता, शाकाहारीचं हिरवं चिन्ह आणि तक्रार करायची झाली तर कोणाशी बोलायचं तो नंबर. पैशांचंही एक सांगितलं: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन फक्त पैसे द्यायला लागतो. कोणी म्हणालं की पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका, तर फोन ठेवून द्या.

माझी वीस मिनिटं संपत आली होती. चहाची किटली दारात आली होती. मी म्हटलं, चला, आत्ताच यादी उघडून टाकू, कोणाचा नंबर टाकायचा सांगा.

बाराही जणी एकमेकींकडे पाहत होत्या. एक म्हणाली की फोन मालकाच्या नावाचा आहे. दुसरी म्हणाली, माह्याकडे साधा बटनाचा आहे. तिसरीला सासूला विचारावं लागणार होतं. चौथी हसून मागे सरकली. मग काकू म्हणाल्या, "आमच्या घरच्यांचा टाका. त्याईचा नंबर गावात समद्याले माहीत आहे. बाईमान्साचा नंबर बाहेर कायले फिरवा?"

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. काम पाहणाऱ्या ताईंनीही मान डोलावली. मी काकूंच्या यजमानांचा नंबर लिहून घ्यायला वहीचं पान उलटलं, पेनचं टोपण काढलं, आणि लिहिता येईना. मी टोपण परत लावलं. परत काढलं. दारापर्यंत गेले आणि आले. चहा ओतणारी बाई थांबून माझ्याकडे पाहायला लागली.

मग मी पिशवीतून माझ्या चटणीचं पाकीट काढलं आणि सांगितलं की हा नंबर माझा नाही. यांचा आहे. नागपूरच्या बाईचं सांगितलं. चाळीस पाकिटं, लग्न, मळणी, सगळं. बोलताना माझा आवाज घाईघाईचा येत होता, वाक्यं एकमेकांवर चढत होती. शेवटी म्हटलं, "मी तुम्हाले सोपं आहे म्हणून सांगायला आली होती. फोटो, पाकीट सोपं आहे. हे सोपं नाही. पण गिऱ्हाईक ज्याच्याशी बोलते, धंदा त्याचा होते. मी सहा वर्षांत हे केलं नाही."

काकूंनी माझ्या हातातलं पाकीट घेऊन त्यावरचा नंबर वाचला. त्यांना राग आला की काय, मला कळेना.

कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, "माहा टाका."

तिशीची असेल. बैठकभर तिने तोंड उघडलं नव्हतं. नंतर कळलं की नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, ती दिराच्या घरात राहते, शिवणकाम करते आणि त्या शिवणातून तिने स्वतःचा फोन घेतला आहे. गटात सगळ्या तिला वहिनी म्हणत. काकूंनी तिच्याकडे वळून विचारलं, घरी चालेल का? ती म्हणाली, "फोन माहा आहे, काकू. मी उचलून राह्यली तर कोनाचं काय जाते?"

तिचाच नंबर टाकला. एक नंबर साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि धंद्याच्या अ‍ॅपवर एकाच वेळी चालत नाही, म्हणून तिचा चालू नंबरच नव्या अ‍ॅपवर घेतला. तिची बहीण, माहेरची माणसं, शिवणाची गिऱ्हाइकं, सगळी आता तिथेच. मला त्या वेळी यात काही वावगं वाटलं नाही. यादी तयार झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी, उत्साहाच्या भरात, ती यादी तिथल्या तिथे जिल्ह्याच्या खरेदी-विक्रीच्या एका मोठ्या फेसबुक ग्रुपवर टाकून दिली. नंबरासकट. कोणाला न विचारता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. ती रडत नव्हती, चिडलीही नव्हती, आवाज नुसता दमलेला होता. म्हणाली, सकाळपासून बावीस-तेवीस फोन झाले, खारोड्यांचं विचारणारे दोनच. बाकीचे कोण, कुठले, काय माहीत. एक म्हणतो फोटो तुमचा पाठवा. एक नुसता फोन करतो आणि बोलत नाही. दिराने जेवताना विचारलं की हे कोणाचे फोन येऊन राह्यले. तिने ऑर्डरचे म्हटलं. तो हसला आणि ताटावरून उठला.

आणखी एक फोन आला होता. त्या माणसाने सांगितलं की तो सैन्यात आहे, छावणीतल्या जवानांसाठी पन्नास किलो खारोड्या हव्यात, पैसे आगाऊ देतो. मग त्याने कोड पाठवला, स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. "मी त्याले म्हनलं, पैसे येतांना पिन कायले लागते? तं त्यानं मलेच शिव्या देल्या," ती म्हणाली. मग विचारलं, "ताई, नंबर काढता येते का तिथून?"

मी लगेच ती पोस्ट काढली. पण तोवर ती पुढे किती ठिकाणी गेली होती, कोणाला माहीत. त्या दुपारी माझं कशातच लक्ष लागेना. चटणी भाजायला घेतली, जवस करपलं. कढई खाली ठेवून मी पोस्ट खरंच गेली का हे पुन्हा पाहिलं, मग दुसऱ्या ग्रुपमध्ये शोधलं, मग पुन्हा पहिल्यात. यांनी विचारलं काय झालं, तर मी त्यांच्यावरच खेकसले. मग एकदम म्हटलं, पाकिटावरचा तुमचा नंबर मला काढायचा आहे. ते म्हणाले, "मंग काढ ना. मी कधी धरून ठेवला?" आणि शेतात निघून गेले. सहा वर्षं मी जे विचारायला घाबरले ते असं दोन वाक्यांत संपलं, त्याचाही मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी रिठदला गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. सरळ वहिनीच्या घरी गेले तर तिथे काकू आधीच बसलेल्या. शिवणयंत्राशेजारी फोन उपडा ठेवला होता आणि तो थरथरत होता. मी माफी मागितली. मी नंबर टाकला हे ठीक, पण विचारल्याशिवाय मोठ्या ग्रुपवर टाकला, ती माझी चूक, असं काकूंसमोर स्पष्ट सांगितलं. दीर दारात उभा होता, तो ऐकत होता.

मला वाटलं, काकू म्हणतील, मी सांगितलंच होतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "नंबर तिचाबी नाही, आमच्या मालकाचाबी नाही, असा काढता येते का? गटाचा."

हे मला आधी सुचायला हवं होतं. आमच्या बोलण्यातून वाट निघाली ती अशी: नवीन सिम घ्यायचं, ते काकूंच्या आधारवर, कारण सिम कोणा एकाच्या नावावरच मिळतं. फोन नवीन नको. एकीच्या घरात पडदा तडकलेला जुना होता, तो चालला असता. धंद्याचं अ‍ॅप त्या नंबरावर. वहिनीचा नंबर परत साध्या अ‍ॅपवर. नव्या फोनचा आवाज बंद, आलेले फोन उचलायचे नाहीत, जे काय ते लिहून किंवा आवाजी निरोपाने. अ‍ॅपमध्ये आपोआप जाणारा निरोप लावून ठेवला की आम्ही शेतात असतो, दुपारी चार ते सहा उत्तर देऊ. आणि नंबर पाकिटावर व ओळखीच्या गिऱ्हाइकांत, मोठ्या ग्रुपवर नाही.

फोन कोणाकडे राहील, यावर मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "फोन माह्या घरी. पन बोलन ही. मले टाइप करता येत नाही." मग दिराकडे पाहून, "हे गटाचं काम आहे. तिच्यासंगं रोज चार वाजता मी बसनार आहो." तो आत जाऊन पाणी घेऊन आला आणि तांब्या माझ्यासमोर ठेवला. ते कबुलीचं होतं की नुसतं पाहुण्याला दिलेलं पाणी, मला अजून सांगता येणार नाही.

पहिली खरी ऑर्डर त्यानंतर बारा दिवसांनी आली. ते बारा दिवस मी रोज विचारत होते, आलं का काही? वहिनी लिहायची, नाही. मग लिहायची, आज एकीनं भाव विचारला. काकूंना याची काही घाई नव्हती. घाई सगळी माझीच. ऑर्डर अकोल्याच्या एका बाईची, एक किलो, माहेर शिरपूरचं म्हणून खारोड्यांची आठवण आली असेल. दोघी रिसोडच्या पोस्टात आल्या, मीही गेले. पार्सल पाकिटासकट तोलतात हे त्यांना माहीत नव्हतं. जाताना एक किलो असलेला माल पॅकिंगसकट जास्त भरला आणि पोस्टाचा खर्च ठरवलेल्यापेक्षा चढला. काकूंनी काउंटरवरच्या माणसाला तीनदा विचारून समजून घेतलं.

चौथ्या दिवशी अकोल्याहून फोटो आला. प्लास्टिकच्या पाकिटात खारोड्यांचा निम्मा चुरा झालेला. बाईंनी लिहिलं होतं, चव आईच्या हातची आहे पण खायचं चमच्यानं की काय.

वहिनीने तो फोटो मला पुढे पाठवला आणि विचारलं, काय लिहू. मी म्हटलं, लिही की चूक आमची, दुसरा किलो पाठवतो. काकूंना हे पटेना; फोडला पोस्टाने, माल पुन्हा फुकट आपण का द्यावा? दोघींचं दोन दिवस या एका गोष्टीवर चाललं. मी मध्ये पडले नाही, मोठ्या मुश्किलीने. शेवटी वहिनीने आवाजी निरोप पाठवला, काकूंसमोर बसून. मला तो नंतर ऐकवला. त्यात ती सांगत होती की चुरा दह्यात भिजवून, वरून फोडणी देऊन खा, आमच्याकडे तसं करतात. आणि दुसरा किलो जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, कागदाचे बोळे घालून पाठवतो. अकोल्याच्या बाईंनी दुसऱ्या किलोचे पैसे न मागता पाठवले. शिवाय आपल्या दोन बहिणींचे पत्ते.

आता वर्ष होत आलं. गट फार मोठा झाला असं नाही. कधी आठवडाभर काही येत नाही, कधी एका दिवसात तीन खोकी बांधावी लागतात. बारा जणींपैकी दोघींनी सांगितलं की आम्ही खारोड्या करू, पण फोनच्या भानगडीत पडणार नाही, ते चालतं. वहिनीच्या दिराने अजून कधी ऑर्डरचं विचारलं नाही, पण परवा खोकी रिठदच्या फाट्यावर नेऊन बसच्या कंडक्टरकडे त्याने दिली, असं तिने कळवलं. माझ्या चटणीच्या नव्या पाकिटांवर माझा नंबर आहे. फोन आता जास्त येतात आणि त्यातले निम्मे कामाचे नसतात. चिडचिड होते. चार ते सहाचा नियम मीही त्यांच्याकडून घेतला, पण पाळता मात्र येत नाही. तीन वाजताच हात फोनकडे जातो.

आज दुपारी वहिनीचा निरोप आला. हैदराबादच्या एका बाईने पाच किलो मागितले आहेत, दर महिन्याला हवेत, तिच्या दुकानात ठेवणार. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा तर जीएसटी काढावी लागते का, आणि काढली तर खारोडीला कर किती, असं तिने विचारलं. मी लिहायला सुरुवात केली. दोन ओळी लिहिल्या, पुसल्या. आपल्याच राज्यात लहान विक्रेत्याला बऱ्याच सवलती आहेत हे मला ऐकून माहीत होतं, पण राज्याबाहेरचं नक्की माहीत नव्हतं, आणि खारोडी पापडात धरतात की वेगळी, तेही नाही. शेवटी लिहिलं, "मले माहीत नाही. उद्या सकाळच्या बसनं वाशिमले ये, काकूले घेऊन ये. कर सल्लागाराले विचारू."

तिने लगेच उत्तर दिलं, दोघी येतो. मग दुसरा निरोप, कोणते कागद आणू. मी उठून कपाटाशी गेले, माझे कागद काढले आणि आवाजी निरोपात एकेकाचं नाव तिला सांगायला लागले.